फेसाने गळा कापला

केस पांढरे व्हायचेच असतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती जागेच्या निवडीबद्दल. डोक्याच्या मागच्या बाजूला, जिथलं आपलं आपल्याला दिसत नाही, तिथे ते खुशाल पांढरे झाले असते तर मी एक अक्षर बोललो नसतो. पण बहुतेक पुरुषांच्या बाबतीत हा उद्योग कानशिलांपासून सुरू होतो, म्हणजे थेट दर्शनी भागात. माझाही तसाच झाला. मग तो कल्ल्यांमध्ये उतरला, तिथून वर टाळूकडे तुरळक तुरळक सरकला, आणि एक दिवस बँकेत पासबुक भरून घ्यायला गेलो असताना खिडकीपलीकडच्या मुलीनं "आजोबा, ज्येष्ठ नागरिकांची रांग तिकडे आहे" असं इतक्या मायेनं सांगितलं, की वयाला अजून बरीच वर्षं शिल्लक असूनही मी मुकाट्यानं तिकडे जाऊन उभा राहिलो. रांग लहान होती. तेवढाच फायदा.

तेव्हापासून आमच्या घरी महिन्यातला एक रविवार क्रीम डायचा असतो. एका पाकिटात रंगाचं क्रीम, दुसऱ्यात डेव्हलपर. दोन्ही सारख्या प्रमाणात घेऊन प्लॅस्टिकच्या वाटीत कालवायचं. धातूचं भांडं नको असं पाकिटावरच बजावलेलं असतं, कारण डेव्हलपरमधल्या हायड्रोजन पेरॉक्साइडचं काही धातूंशी पटत नाही. आणि पटलं असतं तरी आमच्या स्वयंपाकघरातली वाटी मला या कामासाठी कोणी दिली नसती. मग कपाळाच्या कडेनं आणि कानाच्या पाळ्यांना व्हॅसलीन, अंगात मूळ रंग कुणालाच आठवत नाही असा बनियन, फरशीवर वर्तमानपत्र, मी स्टुलावर आणि माझ्या मागे बायको, एका हातात ब्रश आणि दुसऱ्या हातात शेपटीचा कंगवा. ती डोक्याचे चार भाग करते, प्रत्येक भागात बारीक बारीक भांग पाडत जाते आणि भांगाच्या दोन्ही बाजूंना अगदी मुळाशी क्रीम दाबून बसवते. पद्धत नामी आहे. क्रीम घट्ट असल्यामुळे जिथे लावलं तिथेच राहतं, केसाभोवती त्याचा चांगला जाड थर बसतो, आणि अर्धा तास तो थर ओला राहतो. अडचण क्रीमची नाहीच. अडचण आहे ती सोबत चालणाऱ्या समालोचनाची. "मान वाकवा. एवढी नाही. अहो, हलू नका ना. आणि इथे टक्कल पडायला लागलंय, माहितीये ना तुम्हाला?"

मला माहीत नव्हतं.

एका महिन्यात मी बाणेदारपणे सगळं एकट्यानं केलं. पुढचं उत्तम झालं. मागे, भोवऱ्याच्या जरा खाली, तळहाताएवढा पांढरा पट्टा राहिला आणि तो सगळ्या ऑफिसनं पाहिला. कुणी काही बोललं नाही. फक्त मी जेवणाच्या सुट्टीत पुढे गेलो की मागचं हसणं जरा उशिरा थांबायचं.

अशा मनःस्थितीत मी सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात उभा असताना मला फेसाचा डाय भेटला. खोक्यावर एक तरुण, डोक्यावर पांढऱ्याशुभ्र फेसाचा डोंगर, आणि तोंडावर असं हसू, की त्याच्या मागे बायको उभी नाही हे लगेच कळत होतं. ब्रश नाही, वाटी नाही, भांग नाही. दुकानदार म्हणाला, "काका, काही नाही हो. बाटली दाबायची, फेस काढायचा, शाम्पूसारखा चोळायचा, अर्ध्या तासानं धुवायचा." ही जपानी डोक्यातून निघालेली गोष्ट आहे, तिथल्या काओ कंपनीनं २००० नंतरच्या दशकाच्या अखेरीस दाबायच्या बाटलीतला फेसाचा डाय बाजारात आणला आणि तो तिथे चांगलाच चालला. कारणही साधं होतं. एकट्यानं घरी बसून केस रंगवणाऱ्याला मागचं दिसत नाही. फेसाला ते दिसावं लागत नाही. तो आपणहून केसांत घुसतो. हे कळल्यावर मला जपानबद्दल अतोनात आदर वाटला आणि मी एकावर एक सवलतीत दोन खोकी घेतली. छटा होती चेस्टनट ब्राऊन. काळ्याभोर रंगानं माणूस डाय केल्यासारखा दिसतो, तपकिरी रंगानं नैसर्गिक दिसतो, असं मी कुठेतरी ऐकलेलं होतं.

यात घाई अशी होती, की माझा पासपोर्ट नव्यानं करायचा होता आणि त्यासाठीची वेळ ठरलेली होती. हल्ली पासपोर्टचा फोटो आपण घेऊन जायचा नसतो, तिथेच समोर बसवून काढतात. आधीच्या पासपोर्टवर मी घाबरलेला दिसतो. या वेळी निदान तरुण आणि घाबरलेला दिसावं, एवढीच इच्छा होती.

मुलगी मात्र खोक्यातला कागद वाचत बसली. आमच्या घरात कागद वाचणारी ती एकटीच. "बाबा, अठ्ठेचाळीस तास आधी त्वचेवर चाचणी करायची लिहिलंय. करायचीच." मी म्हटलं, इतकी वर्षं क्रीम लावतोय. ती म्हणाली, इतकी वर्षं चाललं म्हणून याही वेळी चालेल असं नसतं. या रंगांत पीपीडी नावाचं किंवा त्याच्याच कुळातलं रसायन असतं, आणि त्याची ॲलर्जी माणसाला अनेक वर्षं वापरल्यावरही अचानक होऊ शकते. मग तिनं दोन्ही बाटल्यांतले दोन-दोन थेंब एका प्लॅस्टिकच्या झाकणात कालवले, सगळं मिसळलं नाही, कारण एकदा मिसळलेलं टिकत नाही, आणि माझ्या कोपराच्या आतल्या बाजूला एक ठिपका लावला. खाज नाही, सूज नाही, लाली नाही. फक्त एक तपकिरी डाग उरला आणि तो पुढचे काही दिवस शेजारचे जोशीकाका भेटतील तेव्हा निरखून बघत आणि "एकदा त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा" म्हणत.

ठरलेल्या संध्याकाळी मी न्हाणीघराचं दार आतून लावून घेतलं. मोठी बाटली डेव्हलपरची, लहान बाटली रंगाची. लहानातलं मोठ्यात ओतायचं, साधं झाकण लावायचं, बाटली हळूच आडवी-उभी करून दोन्ही एकत्र होऊ द्यायचं आणि मग साधं झाकण काढून फेसाचं झाकण बसवायचं. यात 'हळूच' हा शब्द महत्त्वाचा होता, असं मला नंतर कळलं. आता तुम्हीच सांगा, ज्या देशात खोकल्याच्या औषधापासून डोळ्यांच्या थेंबांपर्यंत जे दिसेल त्यावर 'वापरण्यापूर्वी चांगले हलवा' लिहिलेलं असतं, तिथे लहानाचा मोठा झालेला माणूस बाटली हातात आल्यावर काय करणार? मी ती दोन्ही हातांनी, घुसळण चालल्याच्या उत्साहानं, खांदे दुखेपर्यंत हलवली.

यात काय बिघडतं ते नीट सांगतो, कारण फेसाच्या डायचं सगळं मर्म त्या झाकणात आहे. या बाटलीत दाढीच्या फेसाच्या डब्यासारखा वायू भरलेला नसतो. आत असतं पाण्याइतकं पातळ मिश्रण. ते पातळ असावंच लागतं, घट्ट क्रीमचा असा फेस होत नाही. बाटली दाबली की एका बाजूनं मिश्रण आणि दुसऱ्या बाजूनं बाटलीतली हवा झाकणात येतात आणि बारीक जाळीतून एकदम बाहेर पडतात. त्या जाळीनंच एकसारखे, बारीक बुडबुड्यांचे फेसाचे गोळे तयार होतात. आतच फेस झाला असेल तर हवेच्या जागी फेस शिरतो, प्रमाण बिघडतं आणि जाळीतून चांगला फेस येण्याऐवजी मोठ्या बुडबुड्यांचं, लगेच बसणारं पाणचट काहीतरी येतं. माझ्या बाटलीतून जे बाहेर आलं ते ताटात वाढल्यावर आमटीकडे पळणाऱ्या पातळ कढीसारखं होतं.

मला वाटलं, असंच असेल.

दुसरी अट अशी, की बाटली उभी धरूनच दाबायची. आतली नळी तळाशी पोहोचलेली असते. बाटली आडवी किंवा उलटी केली की नळीचं तोंड हवेत आणि झाकण द्रवात, म्हणजे हवेच्या वाटेनं द्रव येतो. म्हणून फेस आधी हातमोज्यावर घ्यायचा आणि मग हातानं डोक्याला लावायचा. मी बाटली डोक्यावर उलटी धरून दाबली, कारण शाम्पू मी तसाच घेतो. कपाळावरून एक तपकिरी ओघळ उजव्या भुवईत शिरला, दुसरा डाव्या कानामागून उतरून गळ्यापर्यंत पोहोचला आणि तिसरा कुठे गेला ते मला दुसऱ्या दिवशी बनियन काढल्यावर कळलं. भुवईवरचा मी झटकन पाण्यानं धुतला, तेवढं मात्र मला माहीत होतं. हा रंग डोळ्यात जाणं ही विनोदाची गोष्ट नाही, गेलाच तर लगेच भरपूर पाण्यानं डोळा धुवायचा आणि डॉक्टर गाठायचा. पण ज्या कडेला व्हॅसलीन लावायचं ती कडच मी मोकळी ठेवली होती. व्हॅसलीन क्रीमला लागतं, फेसाला कशाला, असा माझा हिशेब होता.

मग मी चोळायला घेतलं. आणि खरं सांगतो, चोळताना मजा आली. बसलेला पातळ फेससुद्धा केसांत बोटं फिरवली की पुन्हा फुलतो, पसरतो, टाळूवर गुदगुल्या होतात, आणि मागे भोवऱ्यापर्यंत, जिथे माझा हात ब्रश घेऊन कधी नीट पोहोचला नाही, तिथे हा बिनबोभाट जाऊन बसतो. यामागे चमत्कार नाही. फेस हळूहळू फुटतो, त्याचा द्रव होतो आणि तो द्रव दोन केसांमधल्या बारीक फटींतून आपोआप ओढला जातो. म्हणून फेसाचा रंग सगळीकडे सारखा लागतो, पट्टे पडत नाहीत. मी आनंदानं टाळूवर चोळत राहिलो, मागे चोळत राहिलो, वर डोंगर रचून आरशात पाहत राहिलो, खोक्यावरच्या तरुणासारखं हसूनही पाहिलं. कानशिलं आठवली तेव्हा बाटली सुरसुर असा रिकामा आवाज करत होती.

हा क्रम उलटा असतो. जिथे पांढरे सर्वांत जास्त आणि सर्वांत हट्टी, तिथून सुरुवात. त्यांना ताजा फेस आणि जास्त वेळ मिळायला हवा. माझ्या कानशिलांना मिळालं ते उरलंसुरलं, तेही कडेला, जिथे केस आखूड आणि विरळ, फेसाला धरून ठेवायला काही नाही. तो बसला, ओघळला आणि जे थोडं राहिलं ते पंख्याच्या वाऱ्यावर वाळून गेलं. कारण अर्धा तास मी न्हाणीघरात न थांबता हॉलमध्ये पंख्याखाली बसून बातम्या पाहिल्या. केस रंगण्याचं काम ओलं असेपर्यंतच चालतं. अमोनिया किंवा त्याच्यासारखा अल्कलीचा अंश केसाच्या बाहेरची खवलं उघडतो, रंगाचे लहान कण आत शिरतात, तिथे पेरॉक्साइडमुळे एकमेकांना जोडून मोठे होतात आणि मोठे झाल्यामुळे सहज बाहेर येऊ शकत नाहीत. मिश्रण वाळलं की हा प्रवेश अर्ध्यावर थांबतो. वर प्लॅस्टिकची टोपी घातली असती, मध्ये एकदा बोटांनी कानशिलांवर पुन्हा फेस फुलवला असता, तरी बरंच साधलं असतं. मी बातम्या पाहिल्या.

धुऊन आलो. वरचे केस झकास झाले होते. काळ्या केसांत मिसळलेले तुरळक पांढरे आता तपकिरी छटेचे, एकसारखे, जणू उन्हात चमकणारे. मागे पट्टा नाही, मुळाशी डाग नाही. आणि दोन्ही कानशिलं तांब्याची झाली होती. तपकिरी नाही, पांढरी नाही. नुकत्याच चिंचेनं घासलेल्या तांब्याच्या रंगाची. मुलगी बाहेर आली, तिनं पाहिलं आणि फोन शोधायला आत गेली. बायको म्हणाली, "अहो, हे कुठे दाखवू नका." पासपोर्टची वेळ दुसऱ्या दिवशी सकाळची होती.

तांब्याचं कारण मला पुढे आमच्या सलूनवाल्यानं समजावलं, अर्थात हसून झाल्यावर. काळ्या केसांत स्वतःचा रंग असतो, त्यावर लाल-तपकिरी छटा पडली तर उन्हात जरा चमक दिसते, एवढंच. पांढऱ्या केसांत स्वतःचा रंग नसतो. तिथे डायची छटा उघडीवाघडी दिसते. ती पुरती चढली तर गडद तपकिरी, अर्धीच चढली तर तांबूस. चेस्टनट, महोगनी, बर्गंडी या नावांच्या छटा काळ्या केसांच्या तरुणांना हौसेसाठी, आणि फेसाचे कित्येक डाय तर मुळात अशा हौशी तरुणांनाच डोळ्यापुढे ठेवून केलेले असतात. पांढरे झाकायचे असतील तर खोक्यावर पांढरे केस झाकण्याविषयी स्पष्ट लिहिलेलं असलं पाहिजे आणि छटा साधी हवी: बहुतेक कंपन्यांच्या आकड्यांत १ म्हणजे काळा, ३ म्हणजे गडद तपकिरी, ४ म्हणजे तपकिरी, टिंबापुढे आणखी आकडा असेल तर वेगळी झाक आहे समजायचं. "आणि काका," तो म्हणाला, "तुमचा केस म्हणजे तार आहे तार. त्याला फेसानं काय होतंय?"

माझ्या केसाला कुणी तार म्हटलं की मला राग येतो, पण ते खरं होतं. माझा केस जाड, खरखरीत, आणि कानशिलांचा तर आणखीच. अशा केसाची खवलं घट्ट बसलेली असतात, रंगाला आत शिरायला वेळ आणि भरपूर माल लागतो. क्रीमचा जाड थर त्याला अर्धा तास दाबून बसतो. फेसात बराचसा भाग हवाच. फेस फुटल्यावर केसावर उरतो तो पातळ थर. मऊ, बारीक केसाला तेवढा पुरतो. माझ्या कानशिलांना नाही.

हे मला पटलं ते दुसऱ्या खोक्यामुळे. सवलतीत आलेलं ते खोकं कपाटात पडून होतं आणि फुकट जाऊ नये या एकाच तत्त्वावर आमचा संसार चालतो, म्हणून बायकोनं स्वतःवर चाचणी करून ते लावलं. तिचे केस खांद्यापर्यंत, बारीक, सरळ, आणि पांढरे सगळीकडे विखुरलेले, दहात दोन-तीन, कुठेच घट्ट जथा नाही. तिनं कागद वाचला. बाटली हलवली नाही. उभी धरून दाबली, भांग आणि पुढची कड आधी, मग बाकीचं, मग लांबी. डोक्यावर प्लॅस्टिकची टोपी घालून ती अर्धा तास भाजी निवडत बसली. धुतल्यावर तिचे केस असे दिसले, की तिच्या बहिणीनं फोनवर व्हिडिओत पाहूनच "पार्लरमध्ये गेली होतीस का?" विचारलं. तोच डाय, तीच छटा, तीच न्हाणी. मला जे काही झालं होतं त्याला डाय जबाबदार आहे, असं आता घरात कुणालाच पटवता येईना.

तिच्या केसांवर ते जमण्याची कारणं उघड होती. विखुरलेले पांढरे, बारीक केस, मध्यम लांबी: फेसाला हवं ते सगळं तिथे होतं. तिच्याऐवजी तिच्या धाकट्या वहिनीचे, कंबरेपर्यंतचे आणि दाट केस असते, तर एक बाटली मुळांपाशीच संपली असती. खांद्याखाली लांबी गेली की दोन बाटल्या घेऊनच बसायचं. दाट कुरळ्या केसांतही फेस वरच्या वर अडकतो, आतल्या थरांना लागत नाही. तिथे भाग पाडावेच लागतात, आणि भाग पाडायचेच तर मग क्रीम काय वाईट? आधी रंग उडवलेल्या किंवा फार कोरड्या केसांना फेस लगेच चढतो आणि जागोजागी नको तेवढा गडद होतो. आणि मिशीला हे लावू नका. खोक्यावरही तसंच लिहिलेलं असतं. मी लावलं होतं का, हा प्रश्न इथे गैरलागू आहे.

त्या दिवशी एक गोष्ट मात्र मी माझ्या हिशेबी हुशारीची केली. बायकोच्या बाटलीत थोडं मिश्रण उरलं होतं. पुढच्या वेळी कानशिलांना उपयोगी पडेल म्हणून मी फेसाचं झाकण काढून साधं झाकण घट्ट लावलं आणि बाटली कपाटात सरकवली. मिसळल्यावर पेरॉक्साइडमधून ऑक्सिजन सुटत राहतो आणि रंगाची ताकदही संपत जाते. म्हणून उरलेलं लगेच फेकायचं, बंद करून ठेवायचं नाही. हे कागदावर होतं. दोन दिवसांनी बाटली पोट फुगवून उभी होती. मी उत्सुकतेनं झाकण फिरवलं. न्हाणीघराच्या छताला आजही एक तपकिरी नक्षी आहे आणि पाहुणे तिला गळती समजतात.

एवढं सगळं होऊनही बायकोचा फेसावर जीव जडला. पण काही महिन्यांनी तिच्याही केसांत गंमत दिसायला लागली: मुळाशी तपकिरी आणि टोकांना जवळपास काळा. कारण फेस जिथे नको तिथेही जातो. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. पांढरं दिसतं ते तेवढंच, भांगाच्या दोन्ही बाजूंना. क्रीम ब्रशनं फक्त त्या सेंटिमीटरला लावता येतं. फेस मात्र मुळापासून टोकापर्यंत पोहोचतो, आणि आधीच रंगलेल्या टोकांवर दर वेळी रंगाचा एक थर चढत जातो. मग तिनं तोडगा काढला: फेस आधी फक्त मुळांपाशी, वीसेक मिनिटं तिथेच, आणि टोकांकडे शेवटची पाच-सात मिनिटं. तेवढं सांभाळलं तर जमतं. पण दर महिन्याला नुसती मुळंच रंगवायची असतील, तर तिलाही क्रीमच्या वाटीकडे परत यावं लागतं, हे ती मान्य करते. फक्त माझ्यासमोर नाही.

माझं म्हणाल तर मी पुन्हा स्टुलावर आहे. मान वाकवलेली, अंगात तोच बनियन. कानशिलांना सुरुवातीला क्रीम, तेही जरा जास्त, आणि छटा ३, टिंबापुढे काही नाही. टक्कल पडत असल्याची माहिती मला आता महिन्याच्या महिन्याला क्षेत्रफळासह मिळते.

आणि तुम्ही विचारणारच, म्हणून सांगतो: दुसऱ्या दिवशी सकाळी मी पासपोर्टसाठी टोपी घालून गेलो होतो. खिडकीतल्या बाई अतिशय सभ्य होत्या. "काका, टोपी काढा," म्हणाल्या. मी काढली. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा स्क्रीनकडे, मग दिव्याची दिशा जरा बदलली आणि पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं. मग बटण दाबलं. फोटो रंगीत असतो, पार्श्वभूमी पांढरी असते, आणि मोठ्या माणसाचा पासपोर्ट दहा वर्षं चालतो.